गोदाम घरचं, कंपनी सगळ्यांची

जानेवारीच्या ९ तारखेला आम्ही तिघं यवतमाळला सीए मॅडमच्या ऑफिसात बसलो होतो. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष, सीईओ आणि एक संचालक म्हणून मी. मॅडम बँकेच्या खातेउताऱ्यावर पेन्सिल फिरवत होत्या. पेन्सिल १४,००० च्या एका नोंदीवर थांबली, मग खाली सरकून तशाच दुसऱ्या नोंदीवर. नोंदीपुढे माझ्या बायकोचं नाव होतं.

"ह्या बाई कोण?"

"गोदामाचं भाडं आहे जी," सीईओ म्हणाले.

"ते कळलं. ह्या कोणाच्या कोण?"

मी म्हटलं, "माझ्या मिसेस."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "ठराव कुठाय?"

ठराव नव्हता.

झालं असं होतं. नोव्हेंबरात सोयाबीनची खरेदी जोरात होती आणि आभाळ भरून आलेलं. कंपनीच्या भाड्याच्या दोन खोल्या भरल्या. पोती शाळेच्या कंपाउंडजवळ ताडपत्रीखाली पडली होती. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असलेला माल एका रात्रीच्या पावसानं परत ओला झाला असता. आमच्या घरामागे ४० बाय ६० फुटांचं गोदाम आहे, ते बायकोच्या नावावर आहे आणि तेव्हा रिकामं होतं. अध्यक्षांनी फोन केला, मी हो म्हटलं. १२ नोव्हेंबरला त्यांनी भाडेकरारावर सही केली. भाडं महिना १४,००० रुपये. आकडा मीच सांगितला होता आणि कोणी काही बोललं नव्हतं. पोती रातोरात लाकडी फळ्यांवर थप्पी लावून ठेवली आणि पहाटे पाऊस आला. त्या दिवशी सगळ्यांनी माझे आभार मानले होते.

म्हणून मॅडमचा प्रश्न मला आधी लागला. मी कंपनीचं भलं केलं होतं, मग मला असं का विचारलं जातंय? ही भावना खरी होती आणि तीच चुकीच्या जागी उभी होती, हे समजायला मला दोन आठवडे लागले. हे लिहितोय ते त्या दोन आठवड्यांसाठी, कारण आमच्यासारख्या कंपन्यांत संचालकाचं गोदाम, संचालकाचा ट्रॅक्टर, संचालकाच्या मुलाचं कृषी केंद्र ही रोजची गोष्ट आहे.

मॅडमनी कंपनी कायदा, २०१३ चं कलम १८८ काढलं. संचालक आणि त्याचे नातेवाईक हे कंपनीचे 'संबंधित पक्ष' असतात. त्यांच्याशी माल, मालमत्ता, भाडेपट्टा किंवा सेवा यांचा करार करायचा असेल तर संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव करून संमती घ्यावी लागते. फोनवर घेतलेली किंवा चहाच्या टपरीवर सगळ्यांनी मान हलवून दिलेली संमती चालत नाही. तशी संमती न घेता करार झाला आणि तो केल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत मंडळानं, किंवा आमसभेची संमती लागत असेल तर आमसभेनं, तो कायम केला नाही, तर तो रद्द करण्याचा हक्क मंडळाला किंवा प्रकरणानुसार भागधारकांना मिळतो. वर कंपनीचं जे नुकसान झालं असेल ते भरून द्यावं लागतं. ज्याचं नातं आहे त्या संचालकानं आणि ज्यानं करार मंजूर केला त्यानंही. अध्यक्ष एकदम ताठ बसले. नातं माझं होतं, सही त्यांची होती.

१२ नोव्हेंबरपासून तीन महिने म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. आमच्या हातात महिना-सव्वा महिना होता.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आणि नंतर अध्यक्षांच्या ओसरीवर आम्ही एकेक वाट उलटसुलट पाहिली. पहिली सगळ्यांना सुचते ती सीईओंनी बोलून दाखवली. "रक्कमच किती आहे? दहा टक्क्यांच्या खाली आहे. दहा टक्क्यांच्या वर गेलं तरच लागतं ना?" ही समजूत मी नंतर इतर कंपन्यांच्या संचालकांकडूनही ऐकली. दहा टक्क्यांचा आकडा नियमात आहेच, पण तो दुसऱ्या कामासाठी. भाड्याची रक्कम उलाढालीच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त झाली तर मंडळाच्या ठरावासोबत आमसभेचीही आधी संमती लागते. आमची मागच्या वर्षीची उलाढाल १ कोटी ६० लाख होती, म्हणजे आमसभेची रेघ १६ लाखांवर. आमचं वर्षाचं भाडं १ लाख ६८ हजार. आमसभा लागत नव्हती, पण मंडळाचा ठराव पहिल्या रुपयापासून लागत होता.

मग अध्यक्ष म्हणाले, "तर कंपनीनं गोदाम विकतच घ्यावं, भाड्याचा तंटा मिटला." त्यानं तंटा वाढला असता. मालमत्ता विकत घेताना ती दहा टक्क्यांची रेघ उलाढालीवर ठरत नाही, कंपनीच्या निव्वळ मूल्यावर ठरते. आमचं निव्वळ मूल्य १८ लाखांच्या आसपास. रेघ १ लाख ८० हजारांवर आली आणि गोदामाची किंमत त्याच्या कितीतरी पट. त्याच चार भिंती भाड्यानं घेतल्या तर मंडळ पुरतं, विकत घेतल्या तर गावोगावच्या सभासदांपुढे जावं लागतं.

दुसरी वाट आमच्या जुन्या हिशेबनिसानं सुचवली, तीही अगदी आपुलकीनं. "ऑक्टोबरच्या मीटिंगच्या इतिवृत्तात खाली जागा आहे भाऊ. एक ओळ टाकून देतो. कोणाले काय समजते?" त्यानं इतिवृत्ताची वही उघडून मला जागा दाखवली. खरंच, शेवटच्या ठरावाखाली आणि अध्यक्षांच्या सहीच्या वर तीन बोटं जागा मोकळी होती. ती मोकळी जागा मी बराच वेळ बघत राहिलो. एका ओळीनं सगळं मिटत होतं. पण ती ओळ म्हणजे नऊ माणसांनी न घेतलेला निर्णय त्यांच्या नावावर लिहिणं. इतिवृत्तात फेरफार केली तर कलम ११८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. माझी मूळ चूक तीन महिन्यांत दुरुस्त होणारी होती. ही ओळ लिहिली असती तर तिला दुरुस्तीच नव्हती. वही मी मिटवली, आणि पुढच्या बैठकीपासून सही शेवटच्या ओळीला लागूनच करायची हे अध्यक्षांना सांगून ठेवलं.

तिसरी वाट कायद्यातच आहे आणि ती खरोखर मोहात पाडणारी आहे. व्यवहार कंपनीच्या नेहमीच्या कामकाजातला असेल आणि परक्या माणसाशी केला असता तशाच अटींवर असेल, तर कलम १८८ लागत नाही. माल साठवणं हे आमचं रोजचंच काम. मग सुटलो? मॅडमनी फोनवर एकच विचारलं, "चौदा हजार हा भाव परक्याला दिला असता का? कशावरून?" माझ्याकडे कागद नव्हता. 'परक्यासारखा व्यवहार' म्हणायचं तर परका काय घेतो हे आधी बघितलेलं असावं लागतं. मी फक्त माझा आकडा सांगितला होता आणि समोरच्यांनी भिडेखातर मान्य केला होता.

त्या प्रश्नानं मला कामाला लावलं. मी आणि सीईओ तीन ठिकाणी गेलो. तालुक्याला एका व्यापाऱ्याचं गोदाम, चौरस फुटाला ४ रुपये २० पैसे. शेजारच्या गावच्या सेवा सहकारी संस्थेचं, ३ रुपये ८० पैसे, पण पत्र्याला भोकं आणि आत ओल. जिनिंगच्या आवारातलं शेड, ४ रुपये ७५ पैसे. आमचं २,४०० चौरस फुटांना १४,००० म्हणजे ५ रुपये ८३ पैसे पडत होतं. तिन्ही आकडे आणि त्यांच्याखाली आमचा आकडा मी वहीच्या एका पानावर लिहिला. मी मुद्दाम जास्त घेतले नव्हते. मला तो आकडा रास्त वाटला होता, इतकंच. पण संचालकाला आपल्या घरच्या वस्तूचा भाव रास्त वाटतो, म्हणून तर कायदा त्याला तो ठरवू देत नाही.

कलम १६६ मी त्या रात्री मराठीत उतरवून काढलं. त्यातली दोन वाक्यं माझ्यासाठीच लिहिल्यासारखी होती. संचालकानं अशा परिस्थितीत पडू नये जिथे त्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध कंपनीच्या हिताशी आड येतो, किंवा येण्याची शक्यता आहे. आणि त्यानं स्वतःसाठी किंवा आपल्या नातेवाइकांसाठी, भागीदारांसाठी, सहकाऱ्यांसाठी गैरवाजवी लाभ मिळवू नये. मिळवल्याचं ठरलं तर तेवढी रक्कम कंपनीला परत करावी लागते. नुकसान झालं का, हेतू काय होता, हे तिथे विचारलेलं नाही. आमच्याकडे देवस्थानाच्या पंचाला दानपेटीतून उसने पैसेही घेता येत नाहीत, महिन्याभरात परत ठेवणार असला तरी. संचालकाचं नातं तसंच, विश्वस्ताचं आहे.

चौथी वाट माझ्या साळ्यानं काढली. "दाजी, गोदाम माह्या नावानं भाड्यानं देल्लं असं दाखवा. मी कुठं तुमच्या कंपनीत हाव?" मी नियम बघितला आणि चकित झालो. कायद्याच्या 'नातेवाईक' या व्याख्येत नवरा-बायको, अविभक्त हिंदू कुटुंबाचे सदस्य, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आहेत. साळा नाही, भावजय नाही, पुतण्या नाही. कलम १८८ च्या शब्दांतून खरंच सुटता आलं असतं. पण भाडं शेवटी माझ्याच घरात येणार होतं, आणि कलम १६६ मध्ये 'अप्रत्यक्ष' हा शब्द नेमका त्यासाठी बसलेला आहे. १८८ ची यादी ठराव कधी लागतो ते सांगते. निष्ठा कुणाशी राखायची हे १६६ सांगतं, आणि तिथे साळ्याचं नाव मध्ये घालणं म्हणजे लपवल्याचा पुरावा आपणच तयार करणं. साळ्याला मी हेच सांगितलं. तो थोडा नाराज झाला.

राजीनाम्याचाही विचार आला. पण करार मी संचालक असताना झालेला, तो राजीनाम्यानं मागे जाऊन स्वच्छ होत नाही.

फुकट देण्याची वाट बायकोनं सुचवली आणि ती मला सगळ्यांत चांगली वाटली होती. "भाडंच नको घ्या, कोण बोलते मंग?" लाभच नाही तर गैरवाजवी लाभ कुठून येणार? दोन दिवस मी याच विचारात होतो. पण फुकटच्या जागेला करार नसतो. मालावर तारण कर्ज घ्यायला बँकेनं भाडेकरार मागितला तर काय दाखवायचं? विमा कंपनीला काय सांगायचं? गोदामाची चावी कुणाची? उद्या माझं आणि अध्यक्षांचं बिनसलं आणि मी म्हटलं उचला पोती, तर अकराशे क्विंटल माल कुठे न्यायचा? फुकट देणाऱ्याचा मंडळात शब्द जड होतो, आणि तो जडपणा कुठल्याच वहीत नोंदला जात नाही. मला वाटतं, भाडं घेण्यापेक्षा हे जास्त वाईट झालं असतं.

शेवटी उरलं ते सरळ होतं. सगळं उघड सांगायचं, मी बाजूला व्हायचं, आणि उरलेल्यांनी ठरवायचं. करार कायम करायचा, बदलायचा की माल दुसरीकडे हलवायचा, तिन्ही त्यांच्या हातात.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिनं मलाही फसवलं होतं. दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत संचालक एमबीपी-१ हा फॉर्म भरतो. मी भरला होता, 'निरंक' लिहून. मला वाटलं हितसंबंधाचं प्रकटन झालं. पण तो फॉर्म विचारतो की तुमचा हितसंबंध कुठल्या कंपनीत, संस्थेत, फर्ममध्ये आहे. बायकोच्या नावावरचं गोदाम त्या रकान्यांत कुठेच बसत नाही. फॉर्म खरा होता आणि तरी मंडळाला गोदामाविषयी काहीच कळलेलं नव्हतं. म्हणून मी मंडळाला साध्या कागदावर वेगळं पत्र लिहिलं. गोदाम कुणाचं, नातं काय, करार कधी झाला, भाडं किती, तो आकडा कुणी सांगितला, आजवर किती मिळालं, आणि तीन ठिकाणचे भाव.

सीईओंनी १६ जानेवारीला नोटीस काढली. उत्पादक कंपनीत मंडळाच्या बैठकीची निदान सात दिवस आधी लेखी नोटीस लागते. विषयपत्रिकेत 'गोदाम भाडे' एवढं लिहून भागत नाही. संबंधित पक्षाचं नाव, नातं, कराराची मुदत, अटी, रक्कम, आगाऊ दिलं असेल तर ते, भाव कसा ठरवला, हे सगळं त्यातच द्यावं लागतं, म्हणजे संचालक घरून विचार करून येतात.

२४ तारखेला दहापैकी सात संचालक आले. मी पत्र वाचून दाखवलं आणि उठलो. अध्यक्ष म्हणाले, "बसा ना जी, आपली प्रायव्हेट कंपनीसारखीच आहे. सांगून टाकलं की बसता येते म्हणतात." मॅडमना हे आधीच विचारून ठेवलं होतं. प्रायव्हेट कंपनीची ती सवलत हितसंबंध उघड करण्याच्या कलम १८४ पुरती आहे. कलम १८८ च्या ठरावाला मंडळाच्या बैठकांच्या २०१४ च्या नियमांतला नियम १५ लागतो, आणि तो म्हणतो की हितसंबंध असलेल्या संचालकानं त्या विषयाच्या चर्चेत हजरच राहायचं नाही. मी दाराबाहेर पडलो तसा माझा चुलतभाऊही उठला. तो व्याख्येत येत नाही, त्याला बसता आलं असतं. "माह्यानं तुया गोदामावर मोकळं बोलणं होणार नाही," एवढंच म्हणाला. आत पाच राहिले. गणपूर्तीला एक तृतीयांश लागतात, म्हणजे आमच्या दहात चार.

बाहेर निंबाखाली आम्ही दोघं पाऊण तास बसलो. मध्येच सीईओ येऊन विचारून गेले, लाइटचं बिल कोण भरतं. पुन्हा आले, शटरची दुरुस्ती कुणाकडे. नोव्हेंबरात हे कोणीच विचारलं नव्हतं. आत मी नव्हतो म्हणून ते आता विचारलं जात होतं.

ठराव असा झाला. तालुक्याचं गोदाम आमच्यापेक्षा स्वस्त असलं तरी अकराशे क्विंटल माल सोळा किलोमीटर न्यायला क्विंटलला २२ रुपये, म्हणजे २४,२०० रुपये लागतील. साडेचार रुपये दरानं आमचं गोदाम घेतलं तर दोन्हींतला भाड्याचा फरक महिन्याला ७२० रुपये. म्हणून माल हलवू नये. भाडं चौरस फुटाला ४ रुपये ५० पैसे, म्हणजे महिना १०,८००, तेही १२ नोव्हेंबरपासून. मुदत अकरा महिने, दुरुस्ती मालकाकडे, एक चावी कायम कंपनीकडे. नव्यानं घेताना पुन्हा तीन ठिकाणचे भाव. जास्तीचे घेतलेले परत. चार जण बाजूनं, एक विरोधात. विरोध करणाऱ्या बाईंचं म्हणणं होतं की जिनिंगचं शेड बघायला मंडळानं स्वतः जायला हवं होतं. ते त्यांच्या नावासह इतिवृत्तात लिहिलं गेलं.

महिना ३,२०० प्रमाणे दोन महिन्यांचे ६,४०० रुपये. दुसऱ्या दिवशी बायकोनं चेक लिहिला. करार नव्यानं झाला, व्यवहाराची नोंद एमबीपी-४ च्या रजिस्टरमध्ये गेली, आणि वर्षअखेरीला संचालक मंडळाच्या अहवालासोबत एओसी-२ या फॉर्ममध्ये, कारणासकट.

आमसभेत एका सभासदानं उठून विचारलं, "मंग पहिले जास्त काहून घेतले होते?" मी उभा राहिलो आणि वर लिहिलंय तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. समाधान झालं की नाही, माहीत नाही. ते खाली बसले आणि पुढचा विषय तुरीच्या बियाण्याचा होता.

अकरा महिने ऑक्टोबरात संपले. मंडळानं परत भाव मागवले. विरोध करणाऱ्या बाई या वेळी दोघांना घेऊन जिनिंगच्या आवारात स्वतः जाऊन आल्या. मालकानं शेड ४ रुपये १० पैशांवर दिलं, आवारातला वजनकाटा वापरायच्या परवानगीसकट. कंपनीचा माल आता तिकडे जातो. आमच्या गोदामात सध्या घरची तूर आहे आणि अर्धं रिकामं आहे.